भाऊ किडनी देतोय: ऑपरेशनआधीची आमची यादी

नमस्कार मॅडम,

माझा धाकटा भाऊ आपली किडनी बायकोला देतोय. ३ नोव्हेंबरची तारीख तुम्हीच कळवलीत. आम्ही बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले. घरात तयारीची यादी करायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडकलो. गेल्या भेटीत तुम्ही म्हणालात, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं की दाता चारेक दिवसांत घरी जातो आणि महिनाभरात कामाला लागतो. पण कुठल्या कामाला? भाऊ उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत साच्याच्या पेट्या उचलतो. एक पेटी पंचवीस किलोच्या आसपास, आणि शिफ्टमध्ये अशा कितीतरी. टेबलावर बसणाऱ्याचा महिना त्याला चालेल का, हे आधी सांगा.

मी विचारते त्याला कारण आहे. भोकं लहान असली तरी किडनी बाहेर काढायला ओटीपोटावर काही सेंटिमीटरचा छेद घ्यावाच लागतो. वरची कातडी लवकर भरते, आतला थर मात्र सावकाश जुळतो. तोवर वजन उचललं तर तिथे हर्निया होऊ शकतो, म्हणून सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही असं सांगतात. घरातली पाण्याची कळशीसुद्धा त्याहून जड! ती आता माझ्याकडे. सुगीही त्याच सुमारास येते, तेव्हा भाताच्या पोत्यांसाठी दोन गडी आत्ताच सांगून ठेवलेत. नाहीतर तो गप्प बसणारा नाही.

आता सुट्टीचा हिशोब. ३ नोव्हेंबरपासून सहा आठवडे म्हणजे १४ डिसेंबरपर्यंत. रविवार वगळून ३६ दिवस. भावाच्या खात्यात साठलेली भरपगारी रजा २२ दिवसांची आहे, म्हणजे १४ दिवस कमी पडतात. डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितले तर कामाचे दिवस ४८, आणि तूट २६ची. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते, २०२३चा तसा आदेश आहे. भावाला तो लागू नाही, पण मालकांसमोर ठेवायला उपयोगी पडेल. त्याचं ईएसआयचं कार्ड आहे. आजारपणात तिथून सत्तर टक्के मजुरी मिळते. पण भाऊ आजारी नाही, तो स्वतःहून किडनी देतोय. मग त्याला तो लाभ मिळतो का, आणि दाखला कुणाच्या सहीचा लागतो? तुमच्याकडे याआधी कामगार दाते आले असतील, त्यांचं काय झालं ते सांगाल का?

एक विनंती मनापासून आहे. दाखल्यावर नुसतं 'विश्रांती' लिहू नका. पूर्ण विश्रांती कुठवर, हलकं काम कधीपासून, वजन उचलणं कधीपासून, हे तारखांसह वेगवेगळं लिहा. गेल्या वर्षी गावातल्या एकाला हर्नियाच्या ऑपरेशननंतर नुसता 'फिट' असा दाखला मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला जड कामावर उभं केलं. भावाच्या सुपरवायझरनं तपासणीचं काम देऊ केलंय, पण कागद असेल तरच.

घरची तयारी बरीच झालीय. खाली बसून उठणं जड जाईल म्हणून कमोडची खुर्ची आणली. खोकला आला की पोटाशी धरायला घट्ट उशी शिवली. पोटात भरलेल्या वायूमुळे दोन-तीन दिवस खांदा दुखू शकतो, हे आईला आधीच सांगितलं, नाहीतर ती हृदयाचं समजून घाबरेल. ताप, छेदातून पू, पोटरीला सूज किंवा धाप लागली तर थेट तुम्हाला फोन, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलंय.

खरी काळजी गोळ्यांची आहे. फाउंड्रीत कंबर धरली की सगळे दुकानातून डायक्लोफेनॅक घेतात, भाऊही घ्यायचा. एका किडनीवर ती सवय चालणार नाही. दुखलं तर कुठली गोळी चालेल, तिचं नाव डिस्चार्जच्या कागदावर लिहून द्या. भट्टीजवळ घाम खूप जातो, तेव्हा पाणी किती प्यायचं तेही लिहा. आणि जमलं तर हा कागद मराठीतही द्या. आई कन्नड बोलते, पण वाचता येत नाही.

भावजय जास्त दिवस दवाखान्यात राहील आणि भाऊ आधी घरी येईल, म्हणून तिच्याजवळ तिची आई आणि भावाजवळ मी, असं ठरवलंय. मलाही शाळेतून रजा घ्यावी लागेल. भावाला पहिले किती दिवस एकटं सोडायचं नाही, तेवढं कळलं की मी अर्ज टाकते. भावाचा अर्ज २० ऑक्टोबरला फॅक्टरीत द्यायचाय, त्याआधी दाखल्याचा मजकूर ठरवायला कधी येऊ?

आपली,
दात्याची थोरली बहीण