ऑर्डर बुकचा स्क्रीनशॉट वाचताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात खानापूरहून भाच्याने व्हॉट्सअॅपवर एका शेअरच्या ऑर्डर बुकचा, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी लावून ठेवलेल्या ऑर्डरच्या यादीचा, स्क्रीनशॉट पाठवला. डिमॅट उघडून त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. खाली लिहिलं होतं, ‘मामा, खरेदीवाले दुप्पट हाईत. पाचशे घेऊन टाकू काय?’ कंपनी लहान होती. तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही, पण आकडे महत्त्वाचे आहेत, म्हणून ते जसेच्या तसे देतो.

```
LTP 184.50   LTQ 10   LTT 11:31:18

Bid     Orders  Qty  |  Offer   Orders  Qty
183.10     2    140  |  185.20     1     60
183.00     5    410  |  185.90     2    115
182.75     1     50  |  186.50     1     75
182.50     3    325  |  187.00     4    350
182.00     9   1120  |  188.00     6    640
Total         48300  |  Total         21750
```

डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. डावीकडे सगळ्यात जास्त देणारा वर असतो आणि उजवीकडे सगळ्यात कमी मागणारा वर असतो. मधल्या खान्यात त्या किमतीला किती ऑर्डर आहेत ते कळतं आणि शेवटच्या खान्यात त्या सगळ्यांचे मिळून किती शेअर आहेत ते. एवढं भाच्याला ठाऊक होतं. तो चुकला ते पुढच्या वाचनात.

एलटीपी म्हणजे तुम्हाला मिळणारा भाव, असं धरणं

भाच्याने हिशेब केला होता: ५०० गुणिले १८४.५०, म्हणजे ९२,२५० रुपये. पण १८४.५० ला विकणारा त्या चित्रात एकही नाही. तो शेवटच्या सौद्याचा भाव आहे, आणि सौदा फक्त दहा शेअरचा झाला होता. त्याची वेळ ११:३१. मोबाइलच्या वरच्या पट्टीत ११:४२ वाजले होते. म्हणजे अकरा मिनिटं या शेअरमध्ये एकही सौदा झाला नव्हता. आपल्या बेळगावच्या मार्केट यार्डात सकाळी पहिल्या गाडीतल्या रताळ्यांना लागलेला दर दुपारी आलेल्या शेतकऱ्याला मिळेलच असं कोणी धरत नाही. इथेही तेच धरायचं नाही.

खरा भाव पाहायचा तर डावीकडची पहिली ओळ आणि उजवीकडची पहिली ओळ. १८३.१० आणि १८५.२०. मध्ये २ रुपये १० पैशांची फट. एनएसईवर २५० रुपयांखालच्या शेअरच्या किमती एकेका पैशाने हलू शकतात, म्हणजे या फटीत दोनशेहून जास्त पायऱ्या रिकाम्या पडल्या आहेत. भरपूर उलाढाल असलेल्या मोठ्या शेअरमध्ये ही फट बहुतेक वेळा एखाद-दोन पायऱ्यांचीच असते. फट एवढी रुंद दिसली की शेअरमधली उलाढाल पातळ आहे हे ओळखायचं आणि मार्केट ऑर्डरचं, म्हणजे समोर असेल त्या भावाला लगेच घ्यायचं, बटण विसरायचं.

पहिल्या ओळीतच सगळा माल मिळेल असं समजणं

५०० ची मार्केट ऑर्डर त्या क्षणी गेली असती तर काय झालं असतं, ते मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. पहिले ६० शेअर १८५.२० ला, पुढचे ११५ शेअर १८५.९० ला, मग ७५ शेअर १८६.५० ला आणि उरलेले २५० शेअर १८७ ला. एकूण ९३,२२८ रुपये. सरासरी पडली १८६.४६. भाच्याने धरलेल्या रकमेपेक्षा ९७८ रुपये जास्त, आणि कोणी फसवलेलं नाही. त्याची ऑर्डर स्वतःच पायरी पायरी वर चढत गेली असती.

आता उलटा हिशेब करा, कारण नवा माणूस तो करत नाही. तेच ५०० शेअर लगेच विकायचे म्हटले, तर १४० शेअर १८३.१० ला आणि ३६० शेअर १८३ ला जातात. हातात ९१,५१४ रुपये. भाव जागचा हलला नाही तरी १,७१४ रुपये गेले. ब्रोकरेज आणि कर वेगळेच. घ्यायच्या आधी बाहेर पडण्याचा हा हिशेब मी दरवेळी करतो, आणि तुम्हीही करावा असं मला मनापासून वाटतं. पाच ओळींत तुमची संख्या दोन्हीकडे आरामात मावत नसेल, तर संख्या कमी करा.

खालच्या एकूण आकड्यावरून कौल काढणं

‘खरेदीवाले दुप्पट’ हे त्याने शेवटच्या ओळीवरून काढलं होतं. ४८,३०० विरुद्ध २१,७५०. पण डावीकडच्या पाच ओळींची बेरीज करून बघा: २,०४५ शेअर. उरलेले ४६ हजारांहून जास्त शेअर १८२ च्या खाली कुठेतरी मागितलेले आहेत. कालचा बंद भाव १८० होता आणि शेअरला दिवसभरात वर-खाली २० टक्क्यांपर्यंतच हलू देणारा पट्टा होता, म्हणजे १४४ रुपयांना ‘पडलाच तर घेऊ’ म्हणून लावलेली ऑर्डरही त्याच बेरजेत बसते. असा माणूस आज १८५ ला घेणारा नव्हे.

उलट, काही गोष्टी त्या बेरजेत दिसतही नाहीत. स्टॉप-लॉस ऑर्डर तिचा ट्रिगर, म्हणजे ती जागी व्हायचा ठरवलेला भाव, लागेपर्यंत बुकात येत नाही. मोठा विकणारा आपली संख्या झाकू शकतो. एनएसईवर किमान १० टक्के दाखवावी लागते, तेवढी दाखवून बाकी मागे ठेवता येते. म्हणजे १८७ च्या ओळीतल्या ३५० शेअरमागे आणखी माल दडलेला असू शकतो. आणि जे दिसतं तेही कायमचं नाही. सौदा होण्याआधी ऑर्डर मागे घेता येते. म्हणून ऑर्डरच्या संख्येचा खाना बघावा: १८२ ला नऊ जणांनी मिळून ११२० मागितलेत. तेवढेच शेअर एकाच ऑर्डरचे असते, तर एका क्लिकमध्ये ती ओळ नाहीशी झाली असती.

चित्राची वेळ आणि बाजार न पाहणं

जांबोटीकडे नेटवर्क गेलं की सकाळचा स्क्रीनशॉट दुपारी येतो. तोवर त्यातली एकही ओळ शिल्लक नसेल. सव्वानवाच्या आधीचं चित्र बाजार उघडण्याआधीच्या प्री-ओपनचं असतं, साडेतीननंतरचं संपलेल्या बाजाराचं. दोन्हींवरून चालू भाव ठरवू नये. एनएसई आणि बीएसईचं बुक वेगळं असतं, तेव्हा नावाशेजारची ती बारीक अक्षरं वाचून घ्या. आणि उजवी बाजू पूर्ण कोरी असेल तर तो बिघाड नव्हे, शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला, लागलेला असू शकतो.

भाच्याला मी ५०० ऐवजी २०० ची लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेल्या भावापेक्षा जास्त न देणारी ऑर्डर, लावायला सांगितली, १८४.२० ला, फटीच्या आत. पाच मिनिटांत त्याचा दुसरा स्क्रीनशॉट आला. ‘मामा, बघा, वर नवा खरेदीदार आला. भाव चढणार. दर वाढवू काय?’

डावीकडची पहिली ओळ अशी होती:

```
184.20     1    200
```

एकच ऑर्डर, २०० शेअर. ‘अरे, ती तुझीच आहे,’ मी फोन करून सांगितलं. आपली ऑर्डरही बुकात सगळ्यांच्या बरोबरीने दिसते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दर वाढवला असता तर तो स्वतःशीच बोली लावत बसला असता. त्याने ऑर्डर तशीच ठेवली. दोन वाजेपर्यंत तीन तुकड्यांत १२० शेअर मिळाले, आणि उरलेल्या ८० ची ऑर्डर बाजार बंद झाल्यावर आपोआप रद्द झाली.