नीटच्या सराव प्रश्नांचं भाषांतर: पर्यायच उत्तर सांगत असतील तर

गेली काही वर्षं मी नागपुरात नीटच्या मराठी माध्यमातल्या मुलांसाठी जीवशास्त्राचे सराव प्रश्न मराठीत आणते. सुरुवातीला चुकीचा शब्द वापरला जाईल याचीच भीती होती. पण खरं नुकसान वेगळ्याच चुकांनी केलं. शब्द सगळे बरोबर असायचे आणि तरी प्रश्न निकामी व्हायचा, कारण विषय न येणाऱ्यालाही उत्तर ओळखता यायचं.

पहिली चूक व्याकरणाची. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसतं, आपल्याला असतं. माझं एक वाक्य असं होतं: ‘मेंदूतील ____ शरीराचे तापमान नियंत्रित करतो.’ पर्याय होते प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ आणि हायपोथॅलॅमस. पहिली तिन्ही नपुंसकलिंगी, त्यांना ‘करते’ लागतं. ‘करतो’ फक्त हायपोथॅलॅमसला जुळतो. नंदनवनला राहणाऱ्या वहिनींना हे दाखवलं. त्या बँकेत काम करतात, मेंदूशी त्यांचा काही संबंध नाही. त्या लगेच म्हणाल्या, “मला कळलं काहीच नाही, पण ‘करतो’ला एकच जमते न!” मग मी रिकामी जागा काढून प्रश्न केला: ‘मेंदूचा कोणता भाग शरीराचे तापमान नियंत्रित करतो?’ आता क्रियापद ‘भाग’ या शब्दाशी जुळतं आणि पर्याय मोकळे राहतात. त्या यादीत हायपोथॅलॅमस हा एकटाच परका शब्द होता, म्हणून प्रमस्तिष्काच्या जागी थॅलॅमस घातला. नाव जवळचं आणि काम निराळं, त्यामुळे गोंधळ खरा होतो. पर्याय बदलण्याची मुभा सराव प्रश्नांतच असते. प्रश्न दुसऱ्याने काढलेला असेल तर स्वतः न बदलता त्याला कळवावं.

दुसरी चूक जास्त खोल आहे आणि तिच्यावर मी बराच वेळ घालवला. मूळ प्रश्न होता, यकृतात खालीलपैकी काय स्रवते? पर्याय पित्त, इन्सुलिन, पेप्सिन, ट्रिप्सिन. इंग्रजीत चारही नावं विद्यार्थ्याला सारखीच परकी. मराठीत मात्र पित्त घरातला शब्द आणि बाकी तीन पुस्तकातले. नजर तिथेच जाते. म्हणून मी सगळे मराठी केले: पित्तरस, जठररस, स्वादुरस, आंत्ररस. ते आणखी वाईट निघालं. जठररस जठरातला, स्वादुरस स्वादुपिंडातला, आंत्ररस आतड्यातला, हे नावच सांगतं. तीन पर्याय आपोआप गळले.

शेवटी प्रश्न उलटा केला: ‘पित्तरस कोणत्या अवयवात तयार होतो?’ पर्याय यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, जठर. चारही एकाच जातीचे शब्द. पित्ताशय नावामुळे ओढतं, आणि ज्याला पित्तरस तिथे फक्त साठतो आणि घट्ट होतो हे माहीत आहे तोच वाचतो. इथे ‘तयार होतो’ हेच क्रियापद हवं. मी आधी ‘कोठून येतो’ लिहिलं होतं. तो लहान आतड्यात येतो तेव्हा पित्ताशयातूनही येतो, म्हणजे दोन उत्तरं बरोबर. आणि नुसतं ‘पित्त’ लिहायचं नाही. “पित्त झालंय” म्हणताना आपल्याला आम्लपित्त अभिप्रेत असतं, मग जठर हे उत्तर मुलाला अगदी योग्य वाटतं. तो चुकला तर दोष आपला.

तिसरी गोष्ट नागपूरकडे सतत भेटते. त्याच दोन रक्तवाहिन्यांसाठी काही मुलं ‘रोहिणी, नीला’ शिकून येतात, काही ‘धमनी, शिरा’. दोघांनी मिळून भाषांतर केलं की मिसळ होते. प्रश्नात ‘ऑक्सिजन कमी असलेले रक्त कोणती रोहिणी वाहून नेते?’ आणि पर्यायांत एकच ‘फुफ्फुस रोहिणी’, बाकी तीन धमन्या. शब्द जुळवला की उत्तर मिळालं. एक जोडी ठरवून पूर्ण संचात तीच ठेवा. ‘शीर’ टाळा, बोलीत ती रक्तवाहिनीही असते आणि चेतातंतूही.

प्रत्यक्ष नीटच्या मराठी पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही छापलेला असतो आणि संदिग्धता आली तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात. त्यामुळे शंका आली की इंग्रजी ओळ पाहायची सवय मुलांना सरावातच लावावी, म्हणून मीही दोन्ही शेजारी छापते.

संच पूर्ण झाला की 20 प्रश्न वहिनींना देते. चार पर्यायांत नुसत्या अंदाजाने पाचच्या आसपास बरोबर यायला हवेत. दहाच्या पुढे गेले तर बरोबर आलेला प्रत्येक प्रश्न काढून विचारते, हाच पर्याय का निवडला? “हा जरा लांब होता”, “बाकीचे इंग्रजी वाटले”, “शब्द प्रश्नातलाच होता”, अशी कारणं येतात. त्या कारणांवरून मी त्याच रात्री प्रश्न दुरुस्त करते आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी देते, कारण वहिनींना आता उत्तरं माहीत झालेली असतात.