वाती कोण वळतं, हे मी विचारलंच नव्हतं

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी एका गावच्या उत्सवावर काम केलं. उत्सवाच्या रात्री मशाली घेऊन मिरवणूक निघते, नदी ओलांडून टेकडीवर जाते, आणि तिच्यात फक्त पुरुष चालतात. गावात पाऊल टाकलं तेव्हाच माझ्या मनात निष्कर्ष तयार होता: ही फार जुनी रूढी आहे, ती बायकांना बाहेर ठेवते आणि त्याचं त्यांना दुःख आहे. वडीलधाऱ्यांच्या तोंडून ते ऐकायचं आणि लिहून काढायचं, एवढंच राहिलंय असं मला वाटत होतं.

पहिल्याच दिवशी गावातले एक मोठे आबा भेटले. मिरवणुकीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. ते म्हणाले, ‘पूर्वीपासून असंच आहे. नदीला पाणी असायचं, रात्रीची वेळ, बायामाणसांना कशाला धोक्यात घालायचं?’ मी आनंदाने टिपून घेतलं. ‘पूर्वीपासून’ या शब्दाखाली रेघसुद्धा मारली. पूर्वी म्हणजे कधी, हे विचारायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका आजींकडे गेले. ऐंशीच्या पुढच्या. मुलाखत ओसरीवर झाली आणि ती मुळी एकट्या आजींची झालीच नाही, कारण नातू, शेजारचे काका, आणखी दोघं भोवती बसले होते. मी विचारलं, ‘आजी, मिरवणुकीत जाता येत नाही याचं तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं?’ आजी गप्प. काकांनी उत्तर दिलं, ‘त्यांना काय वाईट वाटणार, त्या घरी सगळं बघतात ना.’ मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

परत आल्यावर ध्वनिमुद्रण उतरवून काढायला बसले. नवख्या माणसाला याचा अंदाज नसतो: एक तासाचं बोलणं शब्दशः लिहायला माझे सहा-सात तास जात होते आणि एकाहून जास्त माणसं बोलत असतील तर आणखी. पण या कंटाळवाण्या कामातच मला माझी चूक ऐकू आली. आजींच्या त्या गप्प राहण्याच्या जागी मी घड्याळ लावलं. चार सेकंद. त्या चार सेकंदांनंतर आजींनी ‘अगं पोरी, आम्ही...’ असं म्हणून श्वास घेतला होता आणि त्यावर काकांचा आवाज चढला होता. समोर बसले असताना हे मला ऐकूच आलं नव्हतं. मग मी माझे सगळे प्रश्न वेगळे लिहून काढले. अठरापैकी अकरा प्रश्नांत उत्तर आधीच भरलेलं होतं. ‘वाईट नाही वाटलं?’ हा त्यातलाच एक. वाईट वाटलं किंवा नाही वाटलं, याशिवाय तिसरं काही सांगायला त्यात जागाच नव्हती.

आठवड्याने पुन्हा गेले, भर दुपारी. त्या वेळी पुरुष शेतावर असतात. या वेळी एवढंच म्हटलं, ‘आजी, उत्सवाच्या दिवशी सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता, ते सगळं सांगा.’ आणि त्या थांबल्या की मी मनात दहा मोजायचे. सुरुवातीला हे दहा आकडे फार अवघड जातात. बोलून मोकळं व्हावंसं वाटतं.

आजी पाऊण तास बोलल्या. त्यांनी हात पुढे करून दाखवलं: जुन्या लुगड्याची पट्टी मांडीवर धरायची, तळहाताने वळत न्यायची आणि शेवटी गाठ न मारता टोक आत खोचायचं, म्हणजे मशाल एकसारखी जळते. ठरलेल्या घरांतल्या बायकांनी वाती वळून तेलात भिजवल्याशिवाय मिरवणूक निघूच शकत नाही. हे काम माझ्या टिपणांत कुठेच नव्हतं, कारण मी ‘मिरवणूक’ म्हणजे चालणं एवढंच धरलं होतं.

मग त्या सहज म्हणाल्या, ‘मी चाललेय की वर. थोरला कडेवर होता तेव्हा.’

मला वाटलं, वयामुळे गोंधळ होत असेल. आबांनी तर ‘पूर्वीपासून’ सांगितलं होतं. माझ्याही नकळत मी गावातल्या वजनदार पुरुषाची आठवण खरी आणि म्हाताऱ्या बाईची कच्ची धरली होती. बायकांची बाजू मांडायला निघालेली मी.

तारखा विचारून काही हाती लागत नाही. माणसं वर्ष सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. तेव्हा एक प्रसंग दुसऱ्याला बांधत जायचं. आजींचा थोरला मुलगा कडेवर होता म्हणजे वर्षा-दीड वर्षाचा. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मवर्ष मिळालं. अशा जुन्या दाखल्यावरची तारीख पुष्कळदा अंदाजाने घातलेली असते, म्हणून मी दोन वर्षं मागेपुढे धरली. नदीवरच्या पुलाला बांधकामाच्या वर्षाची शिळा आहे. मुलाचा जन्म त्यानंतर सात वर्षांचा. दोन वर्षांची चूक धरली तरी आजी वर गेल्या तेव्हा पूल उभा होता. म्हणजे बायकांचं चालणं बंद झालं ते पुलानंतर, आणि पाण्याचा धोका हे त्याचं कारण असणं कठीण.

आबा खोटं बोलले का? इटलीतले मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या शहरात असंच काही पाहिलं होतं. लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार 1949 साली नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे कित्येक कामगार सांगत, तो 1953च्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळच्या दंगलीत गेला. पोर्तेल्लींनी ही चूक खोडून टाकली नाही. माणसांनी तो मृत्यू तिथे का नेऊन ठेवला असेल, हे शोधलं. मी आबांकडे परत गेले, पण दाखला दाखवून त्यांना पेचात धरायला नाही. विचारलं, ‘शेवटच्या खेपेला बायका वर गेल्या त्या वर्षी काय झालं होतं?’ ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘दोन भावक्यांत भांडण झालं होतं. ते कशाला उकरायचं.’ त्या भांडणापेक्षा नदीचं पाणी सांगायला सोपं होतं.

माझा तिसरा अंदाजही टिकला नाही. चालणं बंद झालं तेव्हा कसं वाटलं, असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, ‘सुटले. तेलाची घागर डोक्यावर, पोर कडेवर, चढ केवढा!’ त्यांच्या जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, ‘तुला असेल. मला वरून गावातले दिवे बघायचे असायचे. ते गेलं ते गेलंच.’ दोघी एकाच घरच्या, एकाच रात्रीबद्दल बोलत होत्या. प्रबंधात मी दोन्ही वाक्यं एकाखाली एक ठेवली. ‘गावातल्या स्त्रियांना असं वाटतं’ या वाक्याने सुरू होणारा माझा परिच्छेद काढून टाकावा लागला, आणि तो मला फार आवडला होता.

संमतीचं एक सांगायलाच हवं. पहिल्या दिवशी सही किंवा ध्वनिमुद्रणात होकार घेतला म्हणजे काम झालं असं मी समजत होते. पण त्या वेळी माणसाला आपण पुढे काय बोलणार आहोत हेच ठाऊक नसतं. म्हणून उतरवलेला मजकूर घेऊन मी तिसऱ्यांदा गेले आणि आजींना मोठ्याने वाचून दाखवला. भांडणाच्या जागी त्यांनी हात वर केला. ‘हे नको. त्यांची नातवंडं इथंच नांदतात.’ मी तो भाग काढला. त्यामुळे बदलाचं कारण प्रबंधात ‘गावातला अंतर्गत वाद’ एवढंच उरलं. मार्गदर्शकांनी त्यावर प्रश्न केला, तेव्हा जे होतं ते सांगितलं.

वाचन संपल्यावर आजी थोडा वेळ गप्प होत्या. मी दहा मोजले.

‘बाकी ठीक आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण मशालीला तीन वाती लिहिल्यास तू. पाच लागतात. तेवढं दुरुस्त कर.’