लांब टेकमध्ये रेकॉर्डरचा आवाज हळूहळू सरकतो तेव्हा

सुरुवातीला ओठ जुळतात आणि तासाभराने आवाज मागे पडतो, कारण कॅमेरा आणि रेकॉर्डरची घड्याळं किंचित वेगळी चालतात.

१. टेकच्या सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा, कॅमेऱ्याचा आवाजही चालू ठेवा.
२. पहिली टाळी जुळवा, मग शेवटच्या टाळीला किती फ्रेमचा फरक पडतो ते बघा.
३. समजा ६० मिनिटांत ६ फ्रेम उशीर, तर दर १० मिनिटांनी बोलणारा थांबला की तिथे आवाज कापायचा आणि पुढचा सगळा भाग १ फ्रेम अलीकडे ओढायचा.

कापण्याऐवजी आवाजाचा स्पीड १००.०१% केला तर सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ६० मिनिटांत ९ फ्रेम सरकतात, म्हणजे उलट ३ जास्तच, म्हणून मला कापणंच बरं वाटतं. फक्त सलग संगीत असेल तिथे कापू नका, झटका ऐकू येतो.