अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचंय? आधी तिथी बघा

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची.

आता किल्ल्याचं बघू. अष्टमीला याच हिशेबाने ओहोटी भर दुपारी बाराला येते. वेळ सोयीची वाटते, पण ते भांगाचे दिवस. पाणी फारसं मागे हटतच नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी खूप ओसरतं, मात्र पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणून मला तृतीया-चतुर्थी सगळ्यात बरी वाटते: उधाणाचा जोर अजून टिकलेला असतो आणि ओहोटी सकाळच्या उन्हात मिळते.

हा हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो. त्यामुळे निघण्याआधी भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळेबरोबर उंचीही वाचा. मुंबईच्या तक्त्यात उधाणाची ओहोटी मीटरच्या आत दिसते, भांगाची दोन मीटरच्या आसपास.

नऊची ओहोटी असेल तर आठला किनाऱ्यावरून निघा आणि दहाच्या आत परत या. परतीच्या वाटेवरचा ओला दगड बघून ठेवा. तो बुडू लागला की किल्ल्यातलं दर्शन अर्धवट सोडून लगेच निघायचं. पावसाळ्यात मात्र ही पायवाट धरूच नका.