कॅमेरा बंद ठेवणाऱ्या मुलांना हाक मारताना या चुका टाळा

"मी काय भिंतीशी बोलतेय का?" ऑनलाइन तासाच्या तिसऱ्या मिनिटाला हे वाक्य ऐकू आलं की मी ओळखते, या शिक्षकाने सुरुवातच चुकवली आहे. मी नववी-दहावीला गणित शिकवते. मुलं जळगाव, चोपडा, यावल, शहादा अशा चार दिशांना बसलेली असतात आणि बहुतेकांचे कॅमेरे बंद असतात. कुणाचा दिवसाचा डेटा दुपारीच संपत आलेला असतो, कुणाच्या मागे एकाच खोलीत स्वयंपाक चाललेला असतो. मी कॅमेरा चालू करायला सांगत नाही. हाक मात्र प्रत्येकाला मारते. आणि ही हाक मारण्यातच लोक त्याच त्या चुका करतात.

सगळ्यात महागात पडते ती नावाची चूक. पडद्यावर दिसतं तेच मुलाचं नाव, असं लोक धरून चालतात. आपल्याकडे फोन बहुधा वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा असतो. त्यामुळे चौकोनात `Ramesh` असतं किंवा थेट `Redmi Note 9`, आणि पलीकडे बसलेली असते वैशाली. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांच्या वर्गात हेच झालं. ते रोज उत्साहाने म्हणायचे, "काय रमेश, बरा आहेस ना?" पलीकडून चॅटमध्ये "हो सर" यायचं. ते खूश, कारण मुलगा उत्तर देतोय. हजेरी घेताना मात्र यादीतली वैशाली कुठे दिसायची नाही, म्हणून तिची गैरहजेरी लागत गेली आणि एक दिवस घरी मेसेज गेला. वडील केळीच्या बागेतून तडक सरांकडे आले. "सर, पोरगी रोज संध्याकाळी माझा फोन घेऊन बसते. मला कुणाचा फोनसुद्धा घेता येत नाही, अन् तुम्ही म्हणता ती येत नाही?"

सरांनी विचारलं, तिने सांगितलं का नाही? कशी सांगेल? सगळ्या वर्गासमोर माइक चालू करून "सर, तुम्ही चुकलात" म्हणायला मोठी माणसं कचरतात, ती तर चौदा वर्षांची मुलगी. जी हाक आपल्यासाठी नाहीच, तिला रोज ओ देत बसली बिचारी.

म्हणून पहिल्या तासाला धडा उघडायच्या आधी मी नावं लावून घेते. झूमवर मुलाला स्वतःचं नाव बदलता येतं, तेवढी परवानगी आपण चालू ठेवायची. मी हजेरी क्रमांक आणि नाव मागते, म्हणजे `17 Vaishali` असं. गूगल मीटमध्ये दिसणारं नाव खात्यावरून येतं, ते तासात बदलत नाही. तिथे मी वहीत दोन रकाने पाडते, एकीकडे पडद्यावरचं नाव आणि दुसरीकडे मुलाचं. हे ॲपवर सोडू नका, वहीच बरी. तास घेताना ती समोर उघडी राहते.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे घाई. "जयेश, आलास का?" एक, दोन, तीन. "नाही वाटतं जयेश. चला पुढे." जयेशच्या बाजूने बघा जरा. आवाज पोचायलाच थोडा वेळ गेला. फोन खिडकीत टेकवलेला, कारण रेंज तिथेच येते. तो उठून तिथवर जाणार, काळा पडलेला पडदा जागा करणार, बटणं दिसावीत म्हणून एकदा टिचकी मारणार, मग माइक शोधणार. तो "आलो मॅडम" म्हणेपर्यंत तुम्ही चार जणांना ओलांडून गेलात आणि तो नसल्याचं सगळ्यांसमोर जाहीरही करून टाकलंत. शिक्षकाला आपल्या बाजूने त्याचा माइक उघडता येत नाही. झूमवर फार तर विनंती पाठवता येते, होकार त्यालाच द्यावा लागतो.

मी हाक मारल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजते. नवीन शिक्षकांना ही शांतता सहन होत नाही. त्यांना वाटतं, तास पडला. पडत नाही. शिवाय उत्तर कशाने द्यायचं तेही मी हाकेतच सांगते: "जयेश, चोपड्याला लाइट आली का? नुसता अंगठा दाखव." मे महिन्यात हा प्रश्न उगाच गोड बोलण्यासाठी नसतो, त्यावरून तो तासाला किती वेळ टिकेल हेही कळतं. उत्तर उशिरा आलं तर हातातलं वाक्य पुरं करून मी मागे वळते: "जयेशचा अंगठा आला. लाइट आहे म्हणतो. बस मग." ही वळून घेतलेली दखल पहिल्या हाकेपेक्षा जास्त कामाची. आपलं उत्तर वाचलं गेलं, हे मुलाला कळायला दुसरा मार्ग नाही.

सगळ्या वर्गाला रोज नावाने हाक मारायला गेलं तर निम्मा तास त्यातच जातो. मी वेटिंग रूम चालू ठेवते आणि सात वाजताच्या तासाला पावणेसातला बसते. मुलं एकेक आत घेताना हाक होते. गर्दीत जे घाईने आत आले, त्यांतल्या सात-आठ जणांना तास सुरू झाल्यावर नावाने विचारते आणि वहीत खूण करते. उद्या खूण नसलेल्यांची पाळी. खुणा केल्या नाहीत तर आपण रोज त्याच चार बोलक्या पोरांना हाक मारतो, पैज लावा.

काही चुकांना एवढं लिहायची गरज नाही. चॅटमध्ये "सर्वांचे स्वागत" टाकून मोकळे होऊ नका. उशिरा येणाऱ्याला आधीचे मेसेज बहुधा दिसत नाहीत, आणि रेंजमुळे उशिरा येणारेच जास्त. "कशी आहेस?"च्या पाठोपाठ "मग सांग वर्गसमीकरणाचं सूत्र" असं टाकू नका. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ती हाकेला ओ देणार नाही. माइक उघडल्यावर मागून म्हशीचा किंवा भांडणाचा आवाज आला तर विनोद करू नका, तो माइक पुन्हा उघडत नाही. मुलगा अहिराणीत बोलला आणि बाकीचे चॅटमध्ये हसले, तर हसणाऱ्यांना तिथेच थांबवा आणि त्याचं उत्तर पुढे न्या. वादळाने रावेर-यावलकडे केळी आडवी झाली असेल तर "तुमचं किती नुकसान झालं?" हे सगळ्यांसमोर विचारू नका. झूमवर त्या एकाच मुलाला खासगी मेसेज जातो, तिथे विचारा.

या हाकांचा उपयोग होतोय की नाही हे दोन आठवड्यांत दिसतं. मुलं न विचारता "आलो" लिहितात. तास मध्येच सोडावा लागला तर "डेटा संपतोय" असं सांगून जातात.

अर्थात कितीही हाका मारा, जो फोन लावून खेळायला गेलाय तो सापडणार नाही. त्याची ओळख तास संपल्यावर पटते. सगळे गेले तरी एक चौकोन तसाच उरतो. त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात पकडू नका. त्याच संध्याकाळी घरी फोन करा आणि आधी एवढंच विचारा की या वेळेला फोन नक्की कुणाच्या हातात असतो. कित्येकदा उत्तर निघतं, धाकट्या भावाच्या.