ओळख करून दे म्हणताना या चुका टाळा

समजा, तुम्ही घरी गोडा मसाला करून विकता आणि तो पार्ल्यातल्या एका किराणा दुकानात ठेवायचाय. दुकान मित्राच्या आतेभावाचं. लगेच मेसेज जातो: "अरे, तुझाच आतेभाऊ ना तो? नंबर दे ना. प्लीज, नाही म्हणू नकोस!"

आता मित्राची पंचाईत होते. आतेभावाशी त्याचं बिनसलेलं असेल, किंवा तुमचा मसाला त्याने कधी खाल्लेलाच नसेल. हे तोंडावर सांगता येत नाही, म्हणून तो "बघतो" म्हणतो आणि तुमचे फोन टाळू लागतो.

"जमलं तर बघ" असं लिहूनही फारसा फरक पडत नाही. का जमलं नाही, हे त्याला सांगावंच लागतं. नकार खरंच सोपा करायचा तर कारण द्यावं लागणार नाही आणि तुमचं काम त्याच्यावाचून अडणार नाही, या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहा. दुसरी गोष्ट खरीही असायला हवी. उदाहरणार्थ:

"एक विचारायचंय. तुझ्या आतेभावाच्या दुकानात माझा गोडा मसाला ठेवतील का, हे त्यांच्याशी बोलायचंय. ओळख करून देणं नको वाटत असेल तर नुसतं 'नको' लिही, कारण विचारणार नाही. तसाही पुढच्या आठवड्यात मी पाकिटं घेऊन दुकानात जाणार आहे, तिथे तुझं नाव घेणार नाही. ओळख करून द्यायची असेल तर नंबर देण्याआधी त्यांना विचार. खालचा मेसेज तसाच पाठवता येईल."

नाव घेणार नाही, हे वाक्य गाळू नका. आपण नाही म्हटलं तरी हा आपली ओळख सांगेल, ही धास्ती मित्राला असते.

आतेभावासाठीचा मजकूर वेगळ्या मेसेजमध्ये हवा. सगळं एकत्र लिहिलं तर मित्राला काटछाट करत बसावं लागतं. "घरगुती गोडा मसाला, १०० ग्रॅमची पाकिटं, एफएसएसएआय नोंदणी आहे. विक्रीला ठेवण्याबद्दल दहा मिनिटं बोलता येईल का? नमुना आणून देईन." एवढं पुरे. "चव कशी आहे ते हा सांगेलच" असं त्यात घुसडू नका. मित्राने न मागता हमी दिल्यासारखं होतं.

हे सगळं ग्रुपवर विचारणं तर टाळाच. तिथे चार जणांच्या देखत नाही म्हणावं लागतं. फोनवरही तेच, विचार करायला वेळच मिळत नाही.

शेवटची चूक म्हणजे दोन दिवसांनी "काय झालं रे?" विचारणं. निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर नाही, किंवा "बघतो" म्हणून तो गप्प आहे, तर तो नकारच समजा. ठरल्याप्रमाणे स्वतः दुकानात जाऊन या आणि मग त्याला कळवा: "मी परस्पर जाऊन आलो, तुझं नाव घेतलं नाही. आता तू विचारायची गरज नाही."